क्लास ग्रुपच्या स्क्रीनशॉटवरून अभ्यासाची विषयवार यादी कशी करायची, तारखेसकट

आमच्या लातूरला शिकायला ठेवलेली लेकरं भरपूर. आईबाप गावाकडं, लेकरू इथं काकाकडं नाहीतर मामाकडं, आणि शाळेच्या ग्रुपमध्ये नंबर मात्र गावाकडच्या फोनचा. आमच्या घरी पुतण्या आहे आठवीला, सेमी इंग्लिश. ग्रुपमध्ये वहिनी आहेत आणि त्या रोज संध्याकाळी मला तीन-चार स्क्रीनशॉट टाकतात, "भाऊजी बघा बरं काय दिलंय आज". आता त्या स्क्रीनशॉटमध्ये गृहपाठ कमी आणि "थँक्यू मॅडम" जास्त असतंय, वर तारीख कुठंच नीट नसते. तर ज्यांच्यापर्यंत गृहपाठ असा फोटोतून पोचायलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. तुम्ही स्वतः ग्रुपमध्ये असाल तर स्क्रीनशॉटच्या भानगडीत पडूच नका, मेसेज दाबून धरा, लागतील तेवढे निवडा आणि कॉपी करा. एकापेक्षा जास्त मेसेज एकदम कॉपी केले की प्रत्येकाच्या पुढं तारीख, वेळ आणि नाव आपोआप येतंय, निम्मं काम तिथंच होतंय. बाकीच्यांनी पुढं वाचा.

काय काय लागतं

फार काही नाही. स्क्रीनशॉट, फोनमध्ये गूगल लेन्स (गूगल फोटोजमध्ये फोटो उघडला की खाली त्याचं बटण असतंय), यादी लिहायला गूगल कीप किंवा साधी वही, आणि भिंतीवरचं कॅलेंडर. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेकराचं शाळेचं वेळापत्रक, कोणत्या वारी कोणता तास आहे ते. हे बऱ्याच जणांना लक्षातच येत नाही, पण तारीख बरोबर काढली का चुकली हे शेवटी वेळापत्रकच सांगतंय. त्याचा एक फोटो फोनमध्ये ठेवूनच द्या. पाठ्यपुस्तक घरी नसेल, दप्तर शाळेत राहिलं असेल तर बालभारतीच्या वेबसाईटवर पुस्तकाची पीडीएफ फुकट मिळतेय, धड्याचं नाव तिथं बघून घेता येतं.

१. स्क्रीनशॉट कधी काढलाय ते आधी पक्कं करा

लोकं इथंच गडबडतात. व्हॉट्सॲपमध्ये प्रत्येक मेसेजच्या कोपऱ्यात फक्त वेळ असते, तारीख नसते. तारीख असते ती मधोमध बारीक पट्टीत, आणि ती पट्टीसुद्धा ताज्या मेसेजसाठी "आज" नाहीतर "काल" एवढंच म्हणते, त्याच्या मागं गेलं की वाराचं नाव आणि अजून मागं गेलं की पूर्ण तारीख. आता गुरुवारी काढलेला स्क्रीनशॉट तुम्ही शनिवारी उघडला तरी त्यात "आज"च लिहिलेलं असणार ना, फोटो काय बदलत नाही. म्हणजे "आज" म्हणजे कोणता दिवस हे स्क्रीनशॉट कधी काढला त्यावर ठरतं.

मग ते कसं ओळखायचं? अँड्रॉइड फोनवर स्वतः काढलेल्या स्क्रीनशॉटच्या फाईलच्या नावात बहुतेक वेळा तारीख असते, `Screenshot_20250912` असं काहीतरी, म्हणजे १२ सप्टेंबर २०२५. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवरून दुसऱ्याकडं गेला की नाव बदलून `IMG-20250912-WA0007` असं होतं आणि ही तारीख तुमच्याकडं फोटो आला त्या दिवसाची असते, काढला त्या दिवसाची नाही. वहिनींनी गुरुवारी काढून शुक्रवारी पाठवला तर नाव शुक्रवारचं सांगणार. फोटोच्या वरच्या कडेला घड्याळ दिसतंय त्याच्यावरून वेळ कळते, दिवस नाही. म्हणून सरळ विचारायचं, "आत्ताच काढलाय का कालचा आहे?" एवढ्या एका प्रश्नानं पुढची सगळी डोकेदुखी वाचते.

पाठवणाऱ्याला अजून एक गोष्ट शिकवून ठेवा. चॅट जरासं वरखाली सरकवलं की वरती तारखेची पट्टी दोन क्षण तरंगते आणि गायब होते. ती दिसत असतानाच स्क्रीनशॉट काढायचा. वहिनींना हे एकदा दाखवलं, आता प्रत्येक फोटोवर पट्टी असते.

२. फोटोतला मजकूर बाहेर काढा

लेन्स दाबा, मजकूर निवडा, कॉपी करा, कीपमध्ये पेस्ट. छापील देवनागरी लेन्सला चांगली वाचता येते. पण तीन गोष्टी डोळ्यांनी तपासायच्याच.

पहिलं म्हणजे आकडे. मराठी १ आणि ९ मध्ये गल्लत होते, आणि ५.२ मधलं टिंब गळून ५२ होतं. सरावसंच ५२ नावाचं काही नसतंय हे आपल्याला कळतं पण १ ते ४ चं ९ ते ४ झालं की माणूस बुचकळ्यात पडतो. दुसरं, कोणी कोणाला रिप्लाय दिला असेल तर वरचा जुना मेसेज आणि खालचा नवीन दोन्ही एकात एक मिसळून येतात, आणि जुन्या मेसेजमधली जुनी तारीख नवीन गृहपाठाला चिकटते. तिसरं, मेसेजच्या कोपऱ्यातली ४:१२ वगैरे वेळ मजकुराच्या शेवटी येऊन बसते आणि प्रश्न क्रमांकासारखी दिसते.

फळ्याचा फोटो किंवा वहीच्या पानाचा फोटो असेल तर लेन्सच्या नादी लागू नका. हातानं लिहिलेलं मराठी त्याला फारसं जमत नाही, तुम्ही बघून टाईप केलेलं लवकर होतं. आणि फोटो धुरकट आला असेल तर पाठवणाऱ्याला एचडी करून पाठवायला सांगा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून.

३. गाळणी लावा

आता आमच्याकडं आलेलं एक खरं पान घेऊ, नावं काढून टाकलीत. शुक्रवारी १२ सप्टेंबर २०२५ ला संध्याकाळी वहिनींनी काढून लगेच पाठवलेलं. म्हणजे ह्यात "काल" म्हणजे गुरुवार ११ आणि "आज" म्हणजे शुक्रवार १२.

```
— काल —
क्लास टीचर (दुपारी ४:१२): उद्या गणित वही तपासणी.
   सरावसंच ५.१ व ५.२ पूर्ण असावेत.
पालक: ५.२ शाळेत झालंय का मॅडम?
क्लास टीचर: 👍
विज्ञान मॅडम (५:४०): बल व दाब, स्वाध्याय प्र. १ ते ४
   सोमवारपर्यंत. आकृत्या पेन्सिलने.
पालक: ओके मॅडम
पालक: थँक्यू मॅडम 🙏
क्लास टीचर (७:५५): गणित वही उद्या नाही, सर रजेवर.
   शनिवारी.
— आज —
इतिहास सर (रात्री १२:१४): परवा चाचणी. १८५७ चा
   स्वातंत्र्यलढा. २० मार्क.
भूगोल मॅडम (११:०५): सागरी प्रवाह नकाशा १६ तारखेपर्यंत
   जमा करणे. १७ ला झेंडावंदन आहे.
पालक (फॉरवर्ड केलेला): इंग्रजी निबंध उद्या आणणे
हिंदी मॅडम (१:३०): सभी बच्चे रोज एक पन्ना सुलेख
   लिखें और... रीड मोअर
```

पहिल्यांदा पालकांचं सगळं काढून टाका. ओके, थँक्यू, हात जोडलेले, फुलं, सगळं. पण काढायच्या आधी एकदा वाचा, कारण कधीकधी पालकाच्या प्रश्नाला शिक्षकांनी दिलेल्या उत्तरात खरी माहिती असते. इथं मॅडमनी नुसता अंगठा दाखवलाय. आता तो "हो झालंय" आहे का "मेसेज बघितला" आहे, देवाला माहीत. अंगठा म्हणजे उत्तर नाही असंच धरायचं, लेकराची वही उघडून ५.२ झालंय का बघायचं.

मग फॉरवर्ड केलेला मेसेज. इंग्रजीचा निबंध. तो शिक्षकांनी टाकलेला नाही, एका आईनं दुसरीकडून आणून टाकलाय, आणि आठवीच्या दोन तुकड्या असल्या की हमखास दुसऱ्या तुकडीचा असतो. शिक्षकांच्या नावानं आल्याशिवाय यादीत घ्यायचा नाही, लेकराला विचारून बाजूला ठेवायचा. आमच्या पोरानं सांगितलं तो अ तुकडीचा आहे.

आणि रीड मोअर. मेसेज लांबला की व्हॉट्सॲप तो मध्येच तोडतं, आणि तारीख बरेचदा नेमकी त्या तुटलेल्या भागात असते. पाठवणाऱ्याला म्हणायचं त्याच्यावर दाबा, पूर्ण उघडा आणि मग परत स्क्रीनशॉट काढा. आम्ही मागवला तर खाली निघालं, "और अगले शुक्रवार को कॉपी लाएँ". म्हणजे रोजचं काम आहे आणि त्याला शेवटची तारीख पण आहे.

४. "उद्या", "परवा", "सोमवारी" ह्याच्या तारखा करा

हे काम निवांत बसून करा. नियम सोपा आहे, "उद्या" हा तुम्ही वाचता त्या दिवसापासून मोजायचा नाही, मेसेज टाकला त्या दिवसापासून मोजायचा. वहिनींचा फोटो शुक्रवारी आला आणि त्यात "उद्या गणित वही" असं आहे, घाईत वाचणारा म्हणणार शनिवारी. पण मेसेज "काल"च्या पट्टीखाली आहे, म्हणजे गुरुवारचा उद्या, म्हणजे शुक्रवार. योगायोगानं इथं ७:५५ च्या मेसेजनं ते शनिवारवर ढकललं म्हणून उत्तर तेच आलं, पण दर वेळी एवढं नशीब साथ देणार नाही.

त्यावरून दुसरा नियम, एकाच विषयाचे दोन मेसेज असले तर खालचा खरा. म्हणून स्क्रीनशॉट वरून खाली वाचताना पहिला मेसेज दिसला की लगेच यादीत लिहायचं नाही, शेवटपर्यंत जाऊन यायचं. स्क्रीनशॉट तीन असतील तर आधी त्यांचा क्रम लावा, गॅलरीत ते उलटसुलट येतात. वरच्या फोटोचा शेवटचा मेसेज खालच्या फोटोत पहिला दिसला पाहिजे, तसा नसेल तर मधला भाग राहिलाय असं समजा आणि मागून घ्या.

आता इतिहासाचा मेसेज बघा, हा खरा नमुना. "परवा चाचणी", पट्टी "आज"ची, म्हणजे शुक्रवार १२ पासून परवा म्हणजे रविवार १४. रविवारी कुठली चाचणी? तर वेळ बघा, रात्री १२:१४. सर रात्री उशिरा बसून मेसेज टाकायलेत, त्यांच्या डोक्यात अजून गुरुवारच चालू आहे, फोनच्या हिशोबानं मात्र बारा वाजून गेले आणि शुक्रवार लागला. म्हणजे सरांचा परवा शनिवार १३. वेळापत्रकात बघितलं तर शनिवारी दुसरा तास इतिहासच. दोन्हीकडून जुळलं तरी चाचणीचं प्रकरण असल्यामुळं वहिनींना ग्रुपवर विचारायला लावलं. प्रश्न असा विचारायचा की उत्तर एका शब्दात देता यावं, "सर, इतिहास चाचणी शनिवारी १३ ला आहे ना?" असं. "चाचणी कधी आहे" असं विचारलं तर परत "परवा" असं उत्तर यायचं. सरांनी "हो" म्हणून टाकलं.

"सोमवारपर्यंत" म्हणजे सोमवारी संध्याकाळपर्यंत नाही. वही सोमवारी विज्ञानाच्या तासाला मागणार, म्हणजे काम रविवारी संपलं पाहिजे. आणि सोमवारी विज्ञानाचा तासच नसेल तर मॅडम मंगळवारी मागतील, तरी यादीत सोमवारच लिहा.

"पुढच्या सोमवारी" असं आलं तर मात्र विचाराच. आपल्याकडं निम्मी लोकं त्याला येणारा सोमवार म्हणतात आणि निम्मी त्याच्या नंतरचा. शुक्रवारच्या दिवशी कुणी "अगले शुक्रवार" म्हटलं तर वाद नाही, १९ च.

सुट्ट्या पण बघून घ्या. मराठवाड्यात १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन, शाळेत झेंडावंदन, त्या दिवशी वह्या-बिह्या कोणी घेत नाही. भूगोलाच्या मॅडमनी ते स्वतःहून लिहिलंय, पण सगळे लिहीत नाहीत. काढलेली तारीख रविवारी, सुट्टीच्या दिवशी किंवा तो तास नसलेल्या वारी आली तर तुमच्या मोजणीत कुठंतरी घोळ आहे असं समजून मागं जायचं.

५. यादी लिहा

विषयाचं नाव, खाली काम, शेवटी वार आणि तारीख दोन्ही. वार-तारीख दोन्ही लिहायचं कारण एकात चूक झाली की दुसरं ओरडून सांगतं. "बुधवार १६" असं लिहिलेलं दिसलं की कॅलेंडर बघितल्यावर लगेच कळतं काहीतरी बिनसलंय. वरच्या पानाची यादी अशी झाली:

```
गणित
☐ सरावसंच ५.१, ५.२ वहीत पूर्ण — शनि १३ सप्टें (वही तपासणी)

इतिहास
☐ १८५७ चा स्वातंत्र्यलढा, चाचणी २० मार्क — शनि १३ सप्टें (सरांनी हो म्हटलं)

विज्ञान
☐ बल व दाब, स्वाध्याय प्र. १ ते ४, आकृत्या पेन्सिलने — सोम १५ सप्टें

भूगोल
☐ सागरी प्रवाह नकाशा — मंगळ १६ सप्टें

हिंदी
☐ सुलेख रोज १ पान — वही शुक्र १९ सप्टें

बाजूला
? इंग्रजी निबंध — अ तुकडीचा, आपला नाही
```

काम लिहिताना मेसेजमधलं कामाचं वाक्य तसंच ठेवा, आपल्या मनानं आखूड करू नका. "विज्ञान स्वाध्याय" एवढंच लिहिलं तर लेकरू पाचवा प्रश्नही करत बसतं नाहीतर दोनच करून उठतं, आणि आकृत्या पेननं काढतं. रोजचं काम एका चौकोनात बसत नाही, सुलेखासाठी कीपमध्ये सात चौकोन केले तरच ते खरं होतं, नाहीतर गुरुवारी रात्री सात पानं एकदम. "बाजूला" हा भाग पण ठेवाच, नाहीतर दोन दिवसांनी तोच फॉरवर्ड परत दिसतो आणि परत सगळी चौकशी सुरू.

विषयवार यादीत एक उणीव आहे, तारखा एकमेकींवर आदळलेल्या दिसत नाहीत. इथं गणित आणि इतिहास दोन्ही शनिवारी, आणि शनिवारी आमच्याकडं सकाळची शाळा, म्हणजे हातात फक्त शुक्रवारची रात्र. म्हणून यादी झाली की सगळ्यात वर एक ओळ लिहायची, "उद्या: गणित वही, इतिहास चाचणी", आणि ती रोज बदलायची. ह्या ओळीत "उद्या" चालतो कारण ती रोज नवीन होते, खाली यादीत मात्र उद्या-परवा एकदाही येऊ द्यायचा नाही.

६. दुसऱ्या दिवशी नवीन स्क्रीनशॉट आला की

नवीन यादी करू नका, त्याच यादीत भर घाला. आधी बघा नवीन मेसेजमध्ये जुन्या कामाची तारीख पुढं-मागं झालीय का, तसं असेल तर जुनी तारीख खोडा आणि नवीन लिहा. "हा मेसेज डिलीट केला" असं काही दिसलं आणि कालच्या स्क्रीनशॉटमध्ये त्या जागी गृहपाठ असेल तर तो यादीत प्रश्नचिन्ह लावून ठेवा, शिक्षकांनी बहुतेक चुकून दुसऱ्या ग्रुपचा टाकलेला असतो. आणि मेसेजखाली "एडिटेड" असं बारीक अक्षरात दिसलं तर तुमच्याकडचा जुना फोटो बाद. एडिट करायला पंधरा मिनिटंच मिळतात, म्हणून ही भानगड मेसेज पडल्या पडल्या काढलेल्या स्क्रीनशॉटमध्येच होते. वहिनींना म्हणूनच सांगितलंय, मेसेज आला की लगेच नको, रात्री जेवणं झाली की एकदमच काढा.

काम झालं की चौकोनात टिक करा पण ओळ पुसू नका, वहीवर शिक्षकांची सही येईपर्यंत राहू द्या, आणि तोपर्यंत स्क्रीनशॉट पण ठेवा. त्यानंतर तो फोटो उडवून टाका, कारण त्यात बाकीच्या पालकांचे नंबर असतात. यादी कुणाला पाठवायची असेल तर नुसती यादी पाठवा. स्क्रीनशॉटच हवा म्हणाले तर नंबरांचा भाग कापून मगच.